मशीन चालू, नळी उशीखाली

सासूबाईंच्या पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा, आणि मी हात धुऊन येईपर्यंत तो तसाच असायचा. या खळग्यावरून आमच्याकडे जेवढी मतं होती तेवढी घरात माणसंही नव्हती. नवरा म्हणाला, मीठ जास्त होतंय. मोठे भाऊजी म्हणाले, किडनी. जाऊबाई म्हणाल्या, वय झालं की सुजतातच पाय, माझ्या आईचेही सुजायचे. आणि ज्यांचे पाय त्या आई म्हणाल्या, "चपला आखूड झाल्यात, दुसऱ्या आणा. एवढं काय त्यात?"

मी म्हटलं, "चपला आखूड होत नसतात आई, पाय मोठे झालेत."

"मग मोठ्या चपला आण. भांडतेस काय?"

माझा राग नाकावर असतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा घासते, फ्रेममध्ये बसवते. गिऱ्हाइकांशी गोड बोलून बोलून दिवसभराचं सगळं गोड तिथेच संपतं, घरी उरते ती मी. पण या बाबतीत माझा राग कुणालाही पोरकट वाटू नये म्हणून आधीच सांगते. आईंना दम लागायचा तो काही आजकालचा नव्हता. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांनी उभं आयुष्य काढलं. लाकडाच्या चुली, भिंतीला वर एकच झरोका, आणि दोनशे पोरांचं दोन वेळचं जेवण. त्यांच्या हाताखालच्या बायका त्यांना मुकादम म्हणायच्या. आयुष्यात विडी ओढली नाही, तंबाखूला हात लावला नाही. त्यामुळे खोकला आला की सगळे म्हणायचे, हवा बदलली. जिना चढताना थांबल्या की म्हणायचे, वजन वाढलं. फुफ्फुसाचा आजार बिड्या ओढणाऱ्या बाप्यांना होतो, बाईला कशाला होईल? एवढी अक्कल पाजळणारे हेच लोक त्या धुरात शिजलेलं जेवून मोठे झाले होते.

शेवटी मीच छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे माझ्याच वयाची बाई, बोलायला फटकळ. मला बघताक्षणी आवडली.

तिने आधी पाय बघितले. दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या, दाबून विचारलं, "एकच पाय जास्त सुजतो का? एकाच पोटरीत दुखतं का?" आई नाही म्हणाल्या. "बरं झालं. एकच सुजला असता तर आधी शिरेत रक्ताची गाठ शोधली असती." मग ब्लडप्रेशरची गोळी कोणती ते बघितलं. एका गोळीचं नाव वाचून म्हणाली, "हिनेही घोटे सुजतात. ही बदलू. पण एवढं सगळं हिच्या एकटीचं काम नाही."

मग आईंना पाठ थोडी वर करून टेकवलं आणि मानेकडे बघत बसली. मला कळेना, सुजलेत पाय आणि बघतेय मान. तिने मला जवळ बोलावलं. कानाखाली गळ्याची शीर तट्ट फुगलेली होती आणि आत काहीतरी लकलक करत होतं. डॉक्टरबाईंनी उजव्या बरगडीखाली पोटावर हात ठेवून सावकाश दाबला, तशी ती शीर आणखी वर भरली आणि भरलेलीच राहिली. आई कळवळल्या. "यकृतही सुजलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला तळहात टेकवला. "बघा, इथे हात उचलला जातोय. उजवं हृदय जोर लावतंय."

लघवी तपासली, रक्त तपासलं. किडनी ठीक होती, लघवीतून प्रथिनं जात नव्हती. भाऊजींचं मत तिथेच निकालात निघालं, मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. छातीची सोनोग्राफी म्हणतात तसला इको काढला. हृदयाची डावी बाजू चांगली चालत होती. उजवी ताणली गेली होती, तिची भिंत जाड झाली होती. मनगटातून रक्त घेतलं, त्यात ऑक्सिजन कमी आणि उच्छ्वासात जायला हवा तो कार्बन डायऑक्साइड थोडा साठलेला.

"आजार फुफ्फुसाचा आहे, सीओपीडी म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात. सगळीकडेच हवा कमी, म्हणून सगळ्याच आवळल्यात, काही तर नष्टच झाल्यात. त्यांच्यातून रक्त ढकलायचं काम उजव्या हृदयाचं. वर्षानुवर्षं ढकलून ते दमलं. पुढे जात नाही ते रक्त मागे तुंबतं. मानेत, यकृतात, पायात."

"मग पाण्याची गोळी द्या ना, लघवी होऊन उतरेल सूज," नवरा म्हणाला.

"देतेय. थोडी. पण ती पायातलं पाणी काढेल, हृदयावरचं ओझं नाही काढणार. जास्त दिली तर रक्तदाब पडेल, किडनी बिघडेल, चक्कर येऊन पडतील. यांचं खरं औषध ऑक्सिजन आहे. घरी मशीन ठेवा. दिवसाचे निदान पंधरा-सोळा तास नळी नाकात पाहिजे, झोपेत तर पाहिजेच. दम लागला की घेतली, बरं वाटलं की काढली, असं चालणार नाही. ही पोटदुखीची गोळी नाही."

बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन तिने मला एक गोष्ट तीनतीनदा बजावली. आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णवमध्ये ठेवायचा. शंभराच्या नादाला लागायचं नाही. यांच्या रक्तात आधीच वायू साठतो, भसाभस ऑक्सिजन दिला तर तो आणखी साठेल, गुंगी येईल. मशीनचा काटा तिने ठरवला, म्हणाली, याला हात लावला तर माझ्याशी गाठ. झोपेच्या गोळ्या बंद. इन्हेलर कसा ओढायचा ते समोर ओढून दाखवायला लावलं. आणि शेवटी, "धूर बंद. उदबत्ती नको, कचरा जाळायचा नको, चूल तर नाहीच नाही. आणि मशीन चालू असताना जवळ जाळ नको, भडका उडतो."

आई मध्येच म्हणाल्या, "म्हणजे मी आता कायमची आजारी?"

"आजारी तर तुम्ही दहा वर्षांपासून आहात आजी," ती म्हणाली. "आता औषध सुरू होतंय."

मशीन घरी आलं. आईंच्या पलंगाशेजारी, गुडघ्याएवढं, दिवसभर घुर्रर घुर्रर करणारं. त्याच्यावर किती तास चाललं त्याचा आकडा पुढे सरकायचा. मी सकाळी दुकानात जायची, नवरा पाण्याच्या टाकीवर पाळीला. दिवसभर आई एकट्या. तेव्हा मोठे भाऊजी स्वतःहून म्हणाले, "मी बघतो आईकडे. माझं दुकान दोन गल्ल्या सोडून तर आहे. जाऊन येऊन असतो." मला भरून आलं. खरं सांगते, भरून आलं! मी नवऱ्याला म्हटलं, बघ, मी भाऊजींना नावं ठेवत होते, पण वेळेला तेच धावून आले. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

पहिल्या आठवड्यात सूज उतरली. आईंच्या घोट्याचं हाड दिसायला लागलं. मग पुन्हा चढली. पोट टम्म, जेवण जाईना, ओठ जांभळट. मशीनवरचे तास मात्र भरभरून पुढे जात होते. आम्ही पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेलो. भाऊजीही बरोबर आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "डॉक्टर, पाण्याची गोळी दुप्पट करून टाका. आमच्या ओळखीत एकाला दुप्पट केल्यावर लगेच फरक पडला."

"तो ओळखीतला मी तपासलेला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

तिने पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पोटऱ्या मोजल्या, गोळ्या बघितल्या, मीठ विचारलं, ताप-खोकला विचारला. जुनी ब्लडप्रेशरची गोळी चुकून चालू नाही ना ते बघितलं. रक्ताचा रिपोर्ट आला, तो तिने दोनदा वाचला. "हिमोग्लोबिन वाढलंय," म्हणाली.

"चांगलंच आहे की!" भाऊजी म्हणाले.

"चांगलं नाही. शरीराला ऑक्सिजन मिळत नसला की ते जास्त रक्त बनवतं. रक्त घट्ट होतं, हृदयाला आणखी जड. मशीन किती तास चालतं?"

मी मोबाईलमध्ये काढलेला आकड्याचा फोटो दाखवला. दिवसाचे सतरा तास भरत होते. डॉक्टरबाईंनी तो बघितला, मग उठून आईंच्या मागे गेल्या आणि त्यांचे केस बाजूला करून कानामागे बघितलं. दोन्ही कान. मग गाल.

"सतरा तास नळी कानावर असती तर इथे वळ पडला असता. सगळ्यांना पडतो. काहींचं तर सोलतं, मी कापूस लावायला सांगते. यांचे कान नव्या नवरीसारखे आहेत." मग तिने नाक जवळ नेलं. "घरात चूल आहे?"

"नाही हो," मी म्हटलं.

"केसांना लाकडाच्या धुराचा वास येतोय."

आई जमिनीकडे बघत होत्या. भाऊजी खिडकीकडे. मी आईंकडे बघितलं, भाऊजींकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यात हळूहळू काहीतरी जुळायला लागलं. पण मी तिथे तोंड उघडलं नाही. माझ्यासारखी बाई तोंड मिटून बसली, यावरून समजा काय झालं असेल ते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दुकानातून निघाले ते थेट घरी. कुलूप उघडायच्या आधीच घुर्रर ऐकू येत होतं. पलंग रिकामा. मशीन इमानेइतबारे चालू, आणि नळी उशीखाली दाबून ठेवलेली, आवाज कमी यावा म्हणून असेल. उशीला ऑक्सिजन चालला होता! मी उशी उचलली आणि भिंतीवर फेकून मारली. मग मशीन बंद केलं आणि भाऊजींच्या दुकानाकडे निघाले.

भाऊजींचं दुकान म्हणजे जेवणाचं. बाहेर पाटी, 'चुलीवरचं, आईच्या हातचं'. ही पाटी मी रोज बघत होते. मला वाटायचं, असंच लिहितात लोक. दुपारची वेळ, बाहेर माणसं ताटकळत उभी, आत बाकं भरलेली. मी कुणाला न विचारता मागच्या दाराने आत शिरले.

मागे पत्र्याची शेड. तीन चुली. वर पत्रा इतका खाली की धुराला जायला जागाच नव्हती, तो तसाच डोळ्यांच्या पातळीवर तरंगत होता. एक तरुण बाई लाकडं सारत खोकत होती. आणि मधल्या चुलीपुढे स्टुलावर आई. पदर खोचलेला, हातात मोठी पळी, सुजलेले पाय दोन विटांवर ठेवलेले. तोंडावर घाम आणि ओठ जांभळाच्या रंगाचे. पण बसल्या होत्या ताठ, मुकादमासारख्या.

"आई!"

त्यांनी वळून बघितलं. "आलीस? वाटलंच होतं मला, काल त्या बाईने कान बघितले तेव्हाच."

भाऊजी पुढच्या दाराने धावत आले. "हे बघ, आरडाओरडा करू नकोस, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात!" मी म्हटलं. "भाऊजी, तुम्ही आईंना रोज उचलून इथे आणता? मशीन चालू ठेवून? मला आकडा दिसावा म्हणून?"

"उचलून काय म्हणतेस? रिक्षाने येते. आणि मी कुठे आणतो, तीच म्हणते चल म्हणून. विचार तिला. घरी बसून बसून वेडी होईल ती. इथे दोन तास हात फिरवते, पातेलं बघते, बरं वाटतं तिला."

"ओठ बघा त्यांचे! बघा एकदा आईकडे, पातेल्याकडे नका बघू!"

"तू आवाज खाली कर."

"नाही करणार. उजवं हृदय काय असतं ते पहिल्याच दिवशी मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं होतं. नळी पंधरा तास सांगितली. चूल नको सांगितलं. आणि काल तुम्ही तिथे बसून गोळी दुप्पट करा म्हणालात! सूज कशाने चढतेय ते माहीत असताना!"

"अगं, पण मीच सांगितलं त्याला," आई म्हणाल्या. प्रत्येक दोन शब्दांमागे त्यांना थांबायला लागत होतं. "घरी मी कोण? नळी लावलेली म्हातारी. आलं-गेलं डोकावतं, च्चच्च करतं. इथे... मला विचारतात. मुकादम म्हणतात. याने बोलावलं... आईशिवाय चालत नाही म्हणाला. कुणी म्हटलं होतं असं... इतक्या वर्षांत?"

मला राग येत होता आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. आम्ही त्यांना औषध दिलं, मशीन दिलं, पथ्याचं दिलं, आणि दिवसभरासाठी चार भिंती दिल्या. भाऊजींनी त्यांना गरज आहे असं सांगितलं आणि चुलीत घातलं. दोन्हीकडून आलं ते त्यांच्याच गळ्याशी.

"उठा आई. भांडण नंतर," मी म्हटलं.

त्यांनी उठायला हात दिला. अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. पळी हातातून सुटली. डोळे उघडे होते पण माझ्याकडे बघत नव्हते. मानेची ती शीर आता डॉक्टरबाईशिवायही लांबून दिसत होती. मी ओरडले, रिक्षा नको, ॲम्ब्युलन्स बोलवा. खोकणारी बाई आणि मी, दोघींनी त्यांना धरून बाहेर मोकळ्यावर आणलं. बाकांवरचे लोक घास हातात धरून बघत होते. भाऊजी म्हणत होते, "काही नाही, काही नाही, चक्कर आलीय. तुम्ही जेवा." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तुम्ही जेवा!

ॲम्ब्युलन्सवाल्याने यंत्र लावलं, चौसष्ट. त्याने मोठा मास्क काढला. मी म्हटलं, "यांच्या रक्तात वायू साठतो. अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव सांगितलंय." त्याने मान हलवली, "सीओपीडी ना? माहितीय ताई, वर आला की कमी करतो," आणि नजर आकड्यावर ठेवून सावकाश काटा फिरवत राहिला. भाऊजी मागे लागले, "अहो, फुल सोडा ना, एवढा मोठा सिलिंडर आहे!" तो वळूनही बघेना. त्या एका माणसाचे मी तिथेच मनात पाय धरले.

दवाखान्यात छातीत कफाचा संसर्ग निघाला. सलाइनच्या सुईतून अँटिबायोटिक, श्वासनळ्या मोकळ्या करायची वाफ, अंगातलं पाणी उतरवायचं थोडं इंजेक्शन, आणि तोंडाला घट्ट बसणारा मास्क, जो प्रत्येक श्वासाला हवा आत ढकलायचा आणि साठलेला वायू बाहेर काढायचा. आई सुरुवातीला त्याला ओढत होत्या, मग शांत झाल्या. डॉक्टरबाई आल्या, मानेकडे बघितलं, पाय दाबले, लघवीचं माप बघितलं. मग आम्हा तिघांना बाहेर बोलावलं, मला, नवऱ्याला आणि भाऊजींना.

"यातून बाहेर येतील असं वाटतंय," ती म्हणाली. "पण फुफ्फुसं नवी मिळणार नाहीत. नळी नाकात राहिली आणि धूर लांब राहिला तर उजवं हृदय पुष्कळ दिवस तग धरेल. पुन्हा चुलीपुढे बसल्या तर पुढच्या वेळी मी काही बोलणार नाही. बोलण्यासारखं काही नसेल. ठरवा."

नवऱ्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा भावाच्या डोळ्याला डोळा दिला. "दादा, तू आईला मारत होतास."

भाऊजी रडायला लागले. रडताना माणूस खोटं बोलत नाही असं लोक मानतात, मी मानत नाही. पण ते खरंच रडत होते. म्हणाले, "मला वाटलं, गोळीने भागेल. पाय काय, सगळ्यांचेच सुजतात. तिचा हात लागला नाही की गिऱ्हाईक लगेच म्हणतं, आज चव वेगळीय. मी तरी काय करणार?"

तिसऱ्या दिवशी दुपारी आईंचा मास्क निघाला आणि साधी नळी लागली. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पुसल्यासारखा स्वच्छ. पाय उतरले होते, कातडीला सुरकुत्या पडल्या होत्या. दोन्ही मुलगे पलंगाशी. मी पायथ्याशी, हाताची घडी घालून. मला आता वाद नको होता, मला निकाल हवा होता.

"मी विचार केलाय," आई म्हणाल्या. "दुकानात मी यायचंच. पण मागे शेडमध्ये नाही. चुलीपासून लांब, पुढे, गल्ल्याशेजारी खुर्ची टाक. नळी लावून बसेन. लहान सिलिंडर मिळतो म्हणाली ती डॉक्टरीण. पुढे जाळ नसतोच. आतून वाटीत काढून आणायचं, मी चव बघेन, काय कमी ते सांगेन. चव माझी, हात तुमचे. झालं?"

मी डॉक्टरबाईंना विचारलेलंच होतं. धूर पुढे येत नसेल आणि नळी नाकात असेल तर दिवसातून थोडा वेळ बसू दे, म्हणाल्या होत्या, घरात कोंडून कुणी बरं होत नाही. मला वाटलं, सुटलं. भाऊजी हो म्हणतील, आई खूश, आम्ही खूश.

भाऊजींनी पलंगाची पट्टी चोळली. "आई, तसं नको."

"का?"

"पुढे... नळी लावून? गिऱ्हाईक जेवायला येतं गं. दारातच असं दिसलं, नाकात नळी, शेजारी सिलिंडर... लोकांना कसंतरीच वाटतं. पाटीवर आईच्या हातचं लिहिलंय, आणि आई अशी? कोण जेवेल?"

मी तोंड उघडलं होतं. नवऱ्याने माझा दंड धरला. आईंनी हात वर केला, मलाच गप्प करायला.

त्या भाऊजींकडे बघत राहिल्या. नाकातली नळी थोडी सरकली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी सरळ केली, कानामागून ओढून घट्ट केली. माझ्या समोर पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने.

"बरं," म्हणाल्या. "कळलं मला."

एवढंच. मला वाटलं, फोडून काढतील. नाही. तोंड भिंतीकडे केलं आणि डोळे मिटले. भाऊजी थोडा वेळ बसले, "आई, रागावलीस का" म्हणाले, मग दुकान उघडायची वेळ झाली म्हणून गेले.

घरी आल्यावर नळी निघाली नाही. जेवताना, झोपताना, टीव्ही बघताना. कानामागे लाल वळ पडले, मी कापूस लावला. शेजारणी डोकावल्या, च्चच्च करायला लागल्या, तर आई म्हणाल्या, "बघता काय, या, बसा. जवळून बघा." मीच वेळ काढून त्यांना संध्याकाळी ओट्यावर बसवायला लागले. सूज पूर्ण गेली नाही, संध्याकाळी घोट्याला थोडी येते, आणि डॉक्टरबाई म्हणतात, एवढी चालेल, गोळी वाढवायची नाही. मी बोट दाबून बघत राहते. सवयच लागलीय.

मग एका सकाळी भाऊजी आले. दाढी वाढलेली. मांडीवर हात ठेवून पलंगाशी बसले, मशीनकडे न बघता.

"आई, जमत नाहीये गं. तीच लाकडं, तीच भांडी, तोच मसाला. ती पोरगी तुझ्यासारखंच करते सगळं. पण लोक परत जातात. म्हणतात, पहिल्यासारखं नाही. काय चुकतंय? तू एकदा सांग फक्त. इथूनच सांग, यायला नको."

मी दारात उभी होते, कामावर निघालेली. मला ओरडायचं होतं, तोंडावर चहा फेकायचा होता. आईंनी मला नजरेने थोपवलं.

"ती पोरगी अजून खोकते?" त्यांनी विचारलं.

"कोण? खोकते थोडी. हवा बदललीय ना."

आईंचा चेहरा असा झाला की मी पुढे सरकले, वाटलं पुन्हा दम लागला. दम नव्हता लागला. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी रागावलेलं बघितलंच नव्हतं. नळीतून सूं सूं हवा येत होती आणि त्या एकेक शब्द वेगळा काढून बोलत होत्या.

"पत्रा काढ. चुली फोड. गॅस घे, वर धूर ओढणारा पंखा बसव. ते झालं की ये. त्या पोरीला बरोबर घेऊन ये, तिच्या तोंडून ऐकू दे मला की झालं म्हणून. मग सांगते, काय चुकतंय."

"अगं, पण चुलीवरचं हीच तर पाटी आहे! चूल काढली तर राहिलं काय?"

"आईच्या हातचं," आई म्हणाल्या. "तेही लिहिलंयस ना? त्यातलं एक ठेव."

भाऊजी उठले. मशीनला वळसा घालून निघून गेले. आईंनी त्यांच्या पाठीकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू निघ आता, उशीर झाला. आणि दार लोटू नकोस, उघडंच असू दे. बघू दे लोकांना."